दीडशे मिनिटे, दोनशे प्रश्न

एमबीएच्या दुसऱ्या वर्षातली एक विद्यार्थिनी सीईटी देणाऱ्या मुलांशी बोलायला उभी राहिली आणि तिने आधी फळ्यावर चार आकडे लिहिले: १३८, ११०, ५०, १०. परीक्षेच्या पडद्यावर किती वेळ गेला ते दिसत नाही, किती उरला तेच दिसते. म्हणून वेळापत्रकही उरलेल्या मिनिटांत मांडायचे, हे तिचे पहिले सांगणे.

राज्याच्या एमबीए सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात. तर्कक्षमतेचे ७५, आकृत्यांचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५०. सरासरी काढली तर प्रश्नाला ४५ सेकंद मिळतात. बहुतेक मुले हाच आकडा घोकतात, आणि तिच्या मते घोटाळा तिथेच होतो. समानार्थी शब्द ओळखायला पंधरा सेकंद पुरतात. आठ माणसे गोल टेबलाभोवती बसवायची, तर मिनिटे जातात.

तिची वाटणी अशी. आधी आकृत्या, १२ मिनिटे. मग इंग्रजी, २८. तर्कक्षमतेला ६० आणि गणिताला ४०. शेवटची १० मिनिटे राखीव. फळ्यावरचे आकडे म्हणजे एकेका विभागातून बाहेर पडताना घड्याळात उरायला हवीत ती मिनिटे. परीक्षेत तेच कच्च्या कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचे.

मग ती बैठक-रचनेच्या कोड्याकडे वळली. अशा एका कोड्यावर साधारण पाच प्रश्न असतात. ‘‘दोन मिनिटांत निम्मी माणसंसुद्धा जागेवर बसली नाहीत, तर ते सोडून पुढे जा,’’ ती म्हणाली. हट्टाने आठ मिनिटे घालवली, तर हाती फार तर पाच गुण येतात. तिच्याच वाटणीने त्या आठ मिनिटांत इंग्रजीचे चौदा प्रश्न होतात. कोडे अर्धे सुटले की ते सोडवत नाही, हे खरे; पण गुण अर्ध्या कोड्याला नसतात.

राखीव वेळ कशाला, तर या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. उरलेल्या प्रश्नांवर नुसत्या अंदाजाने खूण केली, तरी सरासरी काही गुण पडतात. पाच मिनिटे उरली की नवा प्रश्न वाचायचा नाही, रिकाम्या जागा भरायच्या.

अर्थात हे आकडे तिचे आहेत. ज्याचे गणित पक्के आणि इंग्रजी कच्चे, त्याची वाटणी वेगळी निघेल. ती दोन-तीन सराव परीक्षांत घड्याळ लावूनच ठरते.

कॅटला मात्र ही वाटणी नेऊ नये. तिथे तीन विभागांना प्रत्येकी ४० मिनिटे बांधून दिलेली असतात, एका विभागातून दुसऱ्यात जाता येत नाही आणि पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले की एक गुण कापला जातो.