ॲपच्या नावामागची कंपनी

पूर्णेहून नांदेडला जाताना लागणाऱ्या चुडाव्यात मोबाईलवर जी झटपट कर्जाची जाहिरात दिसते, तीच पुण्यातही दिसते. पण वसुलीचे फोन सुरू झाले की चुडाव्यातल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हा, की तक्रार करायची कोणाविरुद्ध? ॲपचं नाव हे केवळ दुकानाची पाटी. नोटीस पाटीला बजावता येत नाही. ती कंपनीलाच बजावावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने 2021 च्या जानेवारी-फेब्रुवारीत पाहणी केली, तेव्हा भारतीयांसाठी उपलब्ध असलेली सुमारे 1,100 कर्ज-ॲप सापडली. त्यांतली 600 च्या आसपास बेकायदा होती.

मालक शोधायची रीत शिकायची तर उदाहरण सरळ व्यवहार करणाऱ्या कंपनीचं घ्यावं, कारण तिथेही नावांचे किती थर असतात ते कळतं. पुण्याचं ‘फाइब’ घ्या. या ॲपचं नाव 2022 पर्यंत ‘अर्लीसॅलरी’ होतं. प्ले स्टोअरवर त्याचं पान ब्राउझरमध्ये उघडलं, की पत्त्याच्या पट्टीत `id=` नंतर हे दिसतं:

```
com.earlysalary.android
```

हे ॲपचं पॅकेज नाव. पाटी बदलली, रंग बदलला, तरी एकदा प्रकाशित झालेल्या ॲपचं पॅकेज नाव बदलता येत नाही. त्यामुळे जुनी ओळख तिथे शाबूत राहते. नाव बदलून पुन्हा बाजारात आलेल्या ॲपचा माग काढताना मी सगळ्यात आधी हीच ओळ पाहतो.

त्याच पानावर खाली `App support` दाबलं, की विकासकाचा ईमेल आणि संकेतस्थळ मिळतं, पुष्कळदा पत्ताही. आयफोनवाल्यांनी ॲप स्टोअरच्या माहितीत `Seller` ही ओळ पाहावी. संस्था म्हणून नवं खातं उघडणाऱ्याला गूगल 2023 पासून डी-यू-एन-एस क्रमांक मागतं. हा संस्थेला मिळणारा नऊ अंकी ओळखक्रमांक. पण व्यक्तीच्या नावाने खातं उघडता येतंच. कर्ज-ॲपचा विकासक एखादी व्यक्ती आणि संपर्क फुकटचा जीमेल, असं दिसलं तर तिथेच थांबावं.

इथून गोपनीयता धोरणाकडे वळायचं. ते सगळं वाचायची गरज नसते. पहिला परिच्छेद वाचा, कारण ॲप कोणाच्या मालकीचं आहे ते बहुधा तिथेच असतं. आणि शेवट वाचा, जिथे तक्रार निवारण अधिकारी आणि पत्ता असतो. फाइबच्या बाबतीत या वाटेने ‘सोशल वर्थ टेक्नॉलॉजीज’ हे नाव हाती येतं. ही पुण्याची कंपनी 2015 मध्ये सुरू झाली. पण ती ॲप चालवते. कर्ज देणारी बँकेतर वित्तसंस्था वेगळी आहे, ‘अर्लीसॅलरी सर्व्हिसेस’. आणि तिचंही आधीचं नाव ‘आशिष सिक्युरिटीज’. म्हणजे एका ॲपमागे दोन कंपन्या आणि पाच नावं. यात लपवाछपवी काही नाही, पण तक्रारीच्या कागदावर नुसतं ‘फाइब’ लिहिलं तर तो कागद भलतीकडेच फिरत राहील.

नाव मिळालं, की ते कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in वर कंपनीच्या मूळ नोंदीत शोधावं. तिथला कंपनी ओळखक्रमांक 21 अक्षरांचा असतो. त्यात राज्याची दोन अक्षरं आणि त्यांच्या पाठोपाठ नोंदणीचं वर्ष येतं. ‘दहा वर्षांचा विश्वास’ म्हणून मिरवणाऱ्या ॲपच्या क्रमांकात गेल्याच वर्षाचा आकडा असेल, तर आणखी काही विचारायला नको.

बनावट धोरण ओळखणं त्यामानाने सोपं. ते बहुधा उचललेलं असतं, म्हणून मधेच दुसऱ्याच ॲपचं नाव राहून जातं. कंपनीचं नाव न घेता ‘आम्ही’ एवढंच लिहिलेलं असतं. कधी ते पान कंपनीच्या संकेतस्थळावर नसून फुकटच्या जागेवर टाकलेलं असतं. स्टोअरवरचा ईमेल, धोरणातला ईमेल आणि संकेतस्थळ यांचं डोमेन एकमेकांशी जुळतं का, हे एका मिनिटात तपासता येतं.

खरी फसगत होते ती धोरणात खऱ्या वित्तसंस्थेचं नाव परस्पर वापरलेलं असतं तेव्हा. स्टोअरवरचं नाव, धोरण, मंत्रालयाची नोंद, सगळं जुळतं आणि तरी ॲप चोराचं निघतं. म्हणून उलटा प्रवास करावाच लागतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार प्रत्येक बँकेने आणि वित्तसंस्थेने आपल्या कर्ज-ॲपची यादी स्वतःच्या संकेतस्थळावर द्यायची आहे. ॲपने संस्थेचं नाव सांगितलं, तसं संस्थेच्या यादीत ॲपचं नाव सापडलं पाहिजे. जुलै 2025 पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरही अशा ॲपची एकत्रित यादी आहे. मात्र ती संस्थांनी भरून दिलेली माहिती आहे; रिझर्व्ह बँक ती स्वतः पडताळत नाही, म्हणून दोन्ही याद्या पाहाव्यात.

आणि व्हॉट्सॲपवर एपीके फाइल म्हणून आलेल्या ॲपला यातलं काहीच लागू पडत नाही. त्याला स्टोअरचं पान नसतं, विकासकाचा तपशील नसतो, आणि आतलं पॅकेज नाव बनवणारा हवं ते ठेवू शकतो. अशा ॲपमधून पैसे गेले असतील तर मालक शोधत बसू नये. 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करावा आणि पैसे ज्या खात्यात किंवा यूपीआय आयडीवर गेले त्याचा तपशील द्यावा. अशा वेळी पोलिसांच्या हाती लागणारा पहिला धागा बहुतेक वेळा तोच असतो.