एकटा ㅋ हसत नाही

सोलमधल्या माझ्या मैत्रिणीने एकदा तिच्या मांजराचा फोटो पाठवला. मांजर भाताच्या कुकरवर ऐसपैस झोपलं होतं. मला हसू आलं, म्हणून मी उत्तरात एकच अक्षर धाडलं: ㅋ. थोडा वेळ काहीच आलं नाही. मग तिने विचारलं, 'रागावलीस का?' हसण्याचं अक्षर पाठवून राग कसा पोहोचतो, या प्रश्नाने मला त्या दिवशी जे धरलं ते आजवर सोडलेलं नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. कोरियन लिपी, म्हणजे हांगुल, राजा सेजोंगने 1443 मध्ये घडवली आणि 1446 मध्ये जाहीर केली. ㄱ हा 'क'च्या जवळचा, त्यात एक रेघ वाढवली की श्वासाचा जोर आलेला ㅋ, आपल्या 'ख'च्या जवळचा. अक्षरं सुटी न लिहिता व्यंजन आणि स्वर एका चौकोनात बसवतात.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येते. आपण 'ख' लिहिला की त्यात 'अ' आपोआप येतो. हांगुलमधलं सुटं व्यंजन मात्र स्वराशिवाय उभं असतं, आणि तो स्वर वाचणाऱ्याने मनात भरायचा असतो. ㅋㅋㅋ बहुतेक जण 크크크 असं वाचतात: ओठ गोल न करता 'उ' म्हणायचा आणि त्याला 'ख' लावायचा. पण कुणाला त्यात खिक्खिक् ऐकू येईल, कुणाला दाबलेलं हसू. खुदुखुदू, फिदीफिदी, खदखदून असे वेगवेगळे शब्द मराठीने हसण्याला दिले. तिथे ते काम बरंचसं अक्षरांच्या संख्येवर येतं.

एकटा ㅋ म्हणजे नाकातून सोडलेला फुसकारा. 'बरं, असू दे' किंवा 'काय हे' असा त्याचा सूर, आणि माझ्या मैत्रिणीला तोच लागला. दोन झाले की 'वाचलं, ठीक' एवढंच कळतं, पुष्कळदा गप्पा आवरत्या घेताना येतात. तिसऱ्यापासून चेहऱ्यावर हसू आलं असं मानायला हरकत नाही, आणि अख्खी ओळ भरली तर समोरची व्यक्ती खरंच लोळते आहे. वय आणि मित्रमंडळ बदललं की ही मोजणी थोडी पुढेमागे होते. शिवाय ㅋㅋ नेहमी विनोदालाच लागतं असंही नाही. 'मला उशीर होईल' या साध्या वाक्याला ते जोडलं नाही, तर वाक्य कोरडं, कपाळाला आठी घातल्यासारखं दिसतं.

ㅎㅎ ही याची मवाळ बहीण. त्यात हाहा, होहो, हेहे, हिही यांपैकी काहीही भरता येतं, म्हणून ते कुणालाच टोचत नाही. फार सलगी नसलेल्या माणसाला लिहिताना मी तेच वापरते.

आश्चर्याचं अक्षर ㄷㄷ. ते 덜덜 या शब्दातून आलं, उच्चार साधारण 'दॉल्-दॉल्', अर्थ थेट आपलं 'लटलट'. म्हणजे इथे आश्चर्य अंगाच्या थरथरीने सांगतात. दुकानातली किंमत पाहून '가격 ㄷㄷ' लिहिलं तर 'किंमत बघूनच कापरं भरलं'. एखाद्या पियानोवादकाच्या व्हिडिओखालीही तेच ㄷㄷ येतं, पण तिथे ती थरथर कौतुकाची असते, आणि अपघाताच्या बातमीखाली खरीखुरी भीती. भरायचा शब्द एकच, छटा आजूबाजूच्या मजकुरावरून ओळखायची.

आणि आता मला सर्वांत मोह पाडणारी गोष्ट. कोरियन कळफलकावर व्यंजनं डाव्या हाताला आणि स्वर उजव्या हाताला असतात, आणि ㅋ असतो z च्या कळीवर. 'खरंच?' या अर्थाचा 진짜 (जिन्जा) लिहून लगेच तीनदा ㅋ दाबा. कळा अशा पडतात:

```
wlsWkzzz  →  진짴ㅋㅋ
```

짜 स्वराने संपतो, त्यामुळे संगणकाला वाटतं की पहिला ㅋ याच चौकोनाचा शेवट आहे. तो त्याला तळाशी चिकटवतो आणि 짜चं 짴 होतं. शब्द आधीच व्यंजनाने संपत असेल, जसा 정말, तर ㅋ सुटाच राहतो. ही खरं तर टायपिंगची चूक, दोघांमध्ये जागा सोडली की टळते. पण लोक ती दुरुस्त करत नाहीत, उलट मुद्दाम करतात. 'आ'चा 아 तर 앜ㅋㅋㅋ असाच फुटताना दिसतो. शब्द पुरा व्हायच्या आत हसू त्यात घुसलं, हे डोळ्यांना दिसतं. हसता हसता बोलणाऱ्या माणसाचा आवाज इतका हुबेहूब कागदावर उतरलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

भाषा बदलायची कळ दाबायची राहिली तर पडद्यावर नुसतं zzz उमटतं. मध्यंतरी रात्री उशिरा मैत्रिणीकडून तसं आलं, आणि झोप आली असेल म्हणून मी शुभ रात्री लिहिणार होते. मग आठवलं, z वर ㅋ आहे, आणि मोजले तर अकरा होते.