हूक पोटाकडूनच का फाटतो?

क्रेनच्या हुकाचा बाक जिथे सर्वांत पुढे येतो, तिथे त्याला आडवा छेद दिला तर समोर येणारा आकार गोलही नसतो आणि चौकोनीही नसतो. तो साधारण समलंब चौकोनासारखा असतो. वजन ज्या पोकळीत अडकतं तिकडची बाजू रुंद आणि भरीव, बाहेरची बाजू निमुळती, कोपरे गोलावलेले. म्हणजे हुकाला पोट मोठं आणि पाठ बारीक. घडाईच्या डायमध्ये हा आकार मुद्दाम कोरलेला असतो, कारण भार आला की सगळ्यांत जास्त सोसावं लागतं ते पोटाच्या पृष्ठभागाला.

आधी भार हुकात कसा शिरतो ते पाहू. स्लिंग हुकाच्या तळाशी बसतो आणि वजन सरळ खाली ओढतं. हूक वर शँकला टांगलेला असतो, शँकही त्याच उभ्या रेषेत. पण तळापासून शँकपर्यंत भार पोचवणारं पोलाद या रेषेवर नाही. ते बाजूला वळसा घालून जातं. बाकाच्या मध्यावर ते भाररेषेपासून सर्वांत लांब असतं, म्हणून हूक उघडू पाहणारं आघूर्ण तिथे सर्वाधिक असतं. तळाशी स्लिंग घासतो आणि झीज होते, पण वाकण्याच्या दृष्टीने धोक्याचा छेद तो नव्हे. धोक्याचा छेद बाजूला असतो, भाररेषेपासून काटकोनात.

हूक उघडू लागला की पोटाकडचं पोलाद ताणलं जातं आणि पाठीकडचं दाबलं जातं. मधे कुठेतरी ताणही नाही आणि दाबही नाही असा एक थर असतो. त्याला उदासीन अक्ष म्हणतात. सरळ तुळईत हा अक्ष छेदाच्या बरोबर गुरुत्वमध्यातून जातो. मधून दूर जावं तसं प्रतिबल, म्हणजे दर चौरस मिलिमीटरवर येणारा जोर, सारख्या प्रमाणात वाढत जातं. त्यामुळे आयताकृती सरळ तुळईच्या दोन्ही कडांवर वाकण्याचं प्रतिबल सारखंच असतं, एकीकडे ताण आणि दुसरीकडे दाब. घराच्या बीमसाठी हा हिशेब चालतो. हुकाला तो लावला तर उत्तर चुकतं, आणि चूक धोक्याच्या बाजूला होते.

चूक कुठून येते ते पाहायला बाकाचा एक पातळ तुकडा घेऊ. आतली त्रिज्या ५० मिलिमीटर, बाहेरची १५०, म्हणजे मधली १००. वक्रतेच्या केंद्रातून दोन रेषा अशा काढा की त्यांच्यामध्ये आतल्या कडेवर ५ मिलिमीटर लांबीचं पोलाद येईल. त्याच दोन रेषांमध्ये मधल्या थरात १० मिलिमीटर आणि बाहेरच्या कडेवर १५ मिलिमीटर पोलाद येतं. आता भार आला. तुकड्याची दोन्ही तोंडं सपाटच राहतात, फक्त एकमेकांच्या मानाने किंचित फिरतात. समजा ती मधल्या थराभोवती इतकी फिरली की आतली कड २ मायक्रॉन लांबली आणि बाहेरची २ मायक्रॉन आखडली. बदल दोन्हीकडे तेवढाच. पण आत तो ५ मिलिमीटर पोलादाने सोसला आणि बाहेर १५ मिलिमीटरने वाटून घेतला. आतल्या प्रत्येक मिलिमीटरच्या वाट्याला ०.४ मायक्रॉन आला, बाहेरच्याच्या वाट्याला जेमतेम ०.१३. पोलाद किती ताणलं गेलं यावरच प्रतिबल ठरतं, म्हणजे आतलं प्रतिबल बाहेरच्याच्या तिप्पट.

पण असं झालं तर छेदावरचा एकूण ताण एकूण दाबापेक्षा जास्त होईल, आणि निव्वळ वाकण्यात तर या दोन्हींची बेरीज शून्य यायला हवी. तोल साधायला उदासीन अक्ष मधून सरकतो, तोही आतल्या बाजूला, पोटाकडे. मग ताणाचा पट्टा अरुंद होतो, दाबाचा पट्टा रुंद होतो आणि हिशेब जुळतो. पोटाची बाजू अक्षाच्या जवळ आली, त्यामुळे तिचा भार थोडा हलका होतो. तरी आखूड तंतूंचा तोटा त्याहून बराच मोठा असतो. प्रतिबलाचा आलेख आता सरळ रेषा राहत नाही. पाठीकडून येताना तो संथ चढतो आणि पोटाजवळ एकदम उसळी घेतो.

हा सिद्धांत १८५८ मध्ये एमिल विंक्लर या जर्मन अभियंत्याने मांडला. पुढे १९०४ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अँड्र्यूज आणि कार्ल पिअर्सन यांनी क्रेनच्या आणि रेल्वे डबे जोडणाऱ्या हुकांवर स्वतंत्र निबंध लिहिला. हे पिअर्सन म्हणजे संख्याशास्त्रातले प्रसिद्ध पिअर्सनच.

आता वरच्याच मापांचा हूक घेऊन आकडे काढू. छेद सोयीसाठी आयताकृती धरू, ५० मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर खोल. वजन ५ टन, म्हणजे ढोबळमानाने ५०,००० न्यूटन. आयताकृती छेदाचा उदासीन अक्ष शोधणं सोपं आहे. खोलीला बाहेरच्या आणि आतल्या त्रिज्येच्या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगॅरिदमने भागायचं. १५० भागिले ५० म्हणजे ३, त्याचा लॉगॅरिदम १.०९८६. १०० ला त्याने भागलं की ९१ मिलिमीटर येतात. मधली त्रिज्या १००, म्हणजे अक्ष ९ मिलिमीटर पोटाकडे सरकला.

सरळ तुळईचं सूत्र लावलं तर वाकण्याचं प्रतिबल दोन्ही कडांवर ६० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर येतं. विंक्लरच्या रीतीने पोटावर ९१ येतं आणि पाठीवर ४४. पण एवढ्यावर भागत नाही. भार छेदाला नुसता वाकवत नाही, सरळ ओढतोही, आणि ती ओढ सगळ्या छेदावर सारखी वाटली जाते. ५०,००० न्यूटन भागिले ५,००० चौरस मिलिमीटर, म्हणजे १०. पोटावर आधीच ताण आहे, तिथे हे १० मिळवायचे. पाठीवर दाब आहे, तिथे वजा करायचे. पोटावर शेवटी १०१ चा ताण राहतो, पाठीवर फक्त ३४ चा दाब. सरळ सूत्राने पोटावर ७० सांगितले होते, म्हणजे प्रत्यक्षातला ताण जवळपास दीडपट निघाला. पाठीला मात्र त्या सूत्राने ५० सांगितले होते, तिथे ३४ च आले.

पाठीकडचं पोलाद अर्धं रिकामं बसलेलं आणि पोटाकडचं ओझ्याखाली. मग तेच पोलाद इकडून तिकडे हलवलं तर? खोली १०० च ठेवू, पोटाकडची रुंदी ७५ आणि पाठीकडची २५ करू. क्षेत्रफळ तेवढंच. गुरुत्वमध्य पोटाकडे सरकतो, त्यामुळे भाररेषेपासूनचं अंतरही १०० वरून ९२ मिलिमीटरवर येतं. नव्या हिशेबात पोटावर ८६ चा ताण येतो आणि पाठीवर ४० चा दाब. वजन तेच, पोलाद तेवढंच, आणि पोटावरचा ताण १५ टक्क्यांनी कमी. हुकाचं पोट मोठं असण्याचं कारण हेच.

पण प्रत्येक बाकदार वस्तूला हा खटाटोप करावा लागत नाही. मधली त्रिज्या छेदाच्या खोलीच्या पाचपट असली, तर आयताकृती छेदात सरळ सूत्राची चूक ७ टक्क्यांच्या आसपास राहते. पुलाच्या मोठ्या कमानीत वक्रता इतकी सौम्य असते की हा फरक सोडून देता येतो. आपल्या हुकात हे गुणोत्तर अवघं १ आहे, म्हणून चूक एवढी मोठी. शिवाय स्लिंग जिथे टेकतो तिथलं स्थानिक चेपणं या सिद्धांतात येतच नाही.

आता कोणी विचारेल की साधं पोलादही २५० च्या आसपास कायमचं ताणलं जाऊ लागतं, मग ८६ ची काय धास्ती? एकदाच वजन उचलायचं असतं तर खरंच फारशी नाही. हूक चिवट पोलादाचा घडवलेला असतो. मोठ्या भाराने पोटाचा पातळ थर मर्यादेपलीकडे ताणला गेला तरी हूक तुटत नाही, आतले थर जास्तीचा भार उचलतात. भार उतरल्यावर बाकीचं पोलाद पूर्ववत आखडतं आणि तो ताणलेला थर उलट दाबात राहतो. पुढच्या वेळी हा उरलेला दाब थोडा उपयोगीच पडतो. पण क्रेन रोज भार उचलते आणि ठेवते. दर फेरीला पोटावरचा ताण शून्यावरून वर जातो आणि परत उतरतो. अशा ये-जा करणाऱ्या ताणात पोलाद थकतं आणि पृष्ठभागावरच्या एखाद्या ओरखड्यातून भेग सुरू होते. दाबात भेग मिटते, ताणात उघडते. पोटावर आकडा मोठा आणि वरून तो ताणाचा, म्हणून हुकाचं आयुष्य पोटच ठरवतं.

स्लिंग तळाऐवजी टोकाकडे अडकला तर हे आणखी बिघडतं. आपल्या समलंब हुकात भाररेषा ४० मिलिमीटर टोकाकडे सरकली, तर ९२ चं अंतर १३२ होतं आणि पोटावरचा ताण ८६ वरून ११८ च्या घरात जातो. वजन एका किलोनेही वाढलेलं नसतं.

तपासणीची रीतही यातूनच आली आहे. अनेक घडीव हुकांवर निर्माता दोन पंचमार्क मारून ठेवतो, एक टोकाजवळ आणि एक समोरच्या अंगावर. त्यांच्यातलं मूळ अंतर नोंदलेलं असतं. ते वाढलं तर पोटाचं पोलाद खोलवर कायमचं ताणलं गेलं असा अर्थ. अमेरिकेच्या एएसएमई बी३०.१० मानकानुसार तोंड ५ टक्के किंवा ६ मिलिमीटर उघडलं, यातलं जे कमी असेल तिथे हूक बाद. असा हूक ठोकून मिटवणं तर घातक. मिटवताना पोट दाबात चेपलं जातं, ठोकणं थांबलं की बाकीचं पोलाद मागे येतं, आणि पोट भार नसतानाच ताणात राहतं. बाहेरून हूक मूळ मापाचा दिसतो, पण प्रत्येक फेरीचा ताण आता आधीच्या ताणावर चढतो. पोटावर वेल्डिंग करून झीज भरण्याचीही मनाई आहे, कारण तापलेल्या कडेचं पोलाद कडक आणि ठिसूळ होतं, तेही नेमकं सर्वाधिक ताणाच्या जागी.

भेगेसाठी हूक पुसून चुंबकीय कणांनी किंवा रंगद्रवाने तपासतात. ओरखडा कुठल्या दिशेला आहे ते पाहावं लागतं. ताण बाकाच्या वळणाबरोबर धावतो, म्हणून त्याला आडवी जाणारी, पोटाच्या रुंदीतून गेलेली रेघ सर्वांत संशयास्पद. वळणाबरोबर जाणारी रेघ बहुधा घडाईतली घडी असते. तीही तपासायची, पण ताण तिला थेट उघडत नाही. बारीक खाच घासून काढायची झाली तर त्यालाही हाच नियम. ग्राइंडर वळणाच्या दिशेनेच चालवायचा, कडा हळूहळू मिसळवत न्यायच्या, आणि झीज व घासणं मिळून मूळ मापाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पोलाद गेलं की हूक भंगारात काढायचा. ग्राइंडर आडवा फिरवला, तर एक खाच काढता काढता पोटावर भेगेसाठी बऱ्याच नव्या खाचा तयार होतात.