समोरासमोरच्या पानांवरील गावे जुळवताना

चाकण परिसरात कारखाने येण्यापूर्वी निघोजे, महाळुंगे, कुरुळी या गावांत शेतकरी किती होते आणि शेतमजूर किती, हे शोधणाऱ्याला १९८१च्या जनगणनेच्या पुणे जिल्हा पुस्तिकेकडे वळावे लागते. त्यातील गाववार गोषवारा इतका रुंद आहे, की तो समोरासमोरच्या दोन पानांवर पसरतो. डाव्या पानावर गावाचे नाव आणि लोकसंख्या, तर उजव्या पानावर काम करणारे आणि न करणारे यांचे आकडे. स्कॅनमध्ये ही दोन पाने एकाच आडव्या चित्रात येतात.

अशा चित्रातील अक्षरे संगणकाकडून वाचवून घेण्यापूर्वी ते मधल्या शिवणीवर कापून दोन्ही भाग वेगवेगळे सरळ करावेत. शिवणीजवळ पान वाकलेले असते. त्यामुळे अखंड चित्रात डावीकडची ओळ उजवीकडच्या वरच्या किंवा खालच्या ओळीला जाऊन मिळते.

खरा घोटाळा होतो तो यानंतर. समजा, डावीकडे ४० ओळी वाचल्या गेल्या आणि उजवीकडे ३९. सतरावे गाव निर्जन असल्याने त्याच्यापुढे उजव्या पानावर आकडेच नाहीत व संगणकाने ती ओळ गाळली. दोन्ही भाग नुसते शेजारी चिकटवले, तर सतराव्यापासून प्रत्येक गावाला पुढच्या गावाचे शेतकरी मिळतात. तक्ता मात्र दिसायला निर्दोष! म्हणूनच जोडणी ओळींच्या क्रमाने न करता गावाच्या अनुक्रमांकाने करावी. उजव्या पानावर तो बहुधा पुन्हा छापलेला असतो. नसल्यास रिकाम्या ओळी मोजून हाताने भराव्या लागतात.

जोडणी बरोबर झाली की नाही, हे तक्ताच सांगतो. १९८१च्या गणनेत मुख्य काम करणारे, सीमांतिक काम करणारे आणि काम न करणारे यांची बेरीज एकूण लोकसंख्येइतकीच येते. लोकसंख्या डाव्या पानावरची आणि उरलेले तीन आकडे उजव्या पानावरचे, हे येथे महत्त्वाचे. लोकसंख्या C स्तंभात आणि ते तीन आकडे F, G, H मध्ये असतील, तर पाचव्या ओळीसाठी सूत्र असे:

```
=C5-(F5+G5+H5)
```

उत्तर शून्य यावे. उदाहरणादाखल १,२४० लोकवस्तीच्या गावासमोर ६१०, ३० आणि ६०० हे आकडे असतील तर ते येते. ओळी सरकल्या आणि त्याच गावासमोर पुढच्या गावाचे ४४०, २५, ४४० आले, तर ३३५चा फरक उघडा पडतो. एकाच ओळीत फरक दिसला, तर बहुधा एखादा ३ हा ८ म्हणून वाचला गेलेला असतो. एका ओळीपासून खाली सर्वत्र फरक दिसला, तर ओळ सरकलेली असते, आणि जिथून तो सुरू झाला तिथेच गाळलेले गाव सापडते.

ही कसोटी शेतकरी आणि शेतमजूर या आकड्यांची आपसांतील अदलाबदल मात्र पकडत नाही. त्यासाठी ते स्तंभ बेरजेने तालुक्याच्या छापील एकूण आकड्याशी ताडून पाहावे लागतात.