व्हिडिओखालच्या तीन ओळी

पायथन शिकणाऱ्या एका मुलीने मला तिची वही दाखवली. सहा विषयांच्या गुणांची सरासरी काढणारा प्रोग्रॅम तिने एका मराठी व्हिडिओवरून जसाच्या तसा उतरवून घेतला होता. एकूण गुण ४२५, विषय ६. व्हिडिओत उत्तर आलं होतं ७०. तिच्या लॅपटॉपवर येत होतं ७०.८३ आणि पुढे तिनांची रांग. दोन दिवस ती स्वतःची चूक शोधत होती.

```python
total = 425
average = total / 6
print(average)
```

यात तिची काहीच चूक नव्हती. व्हिडिओतल्या सरांकडे पायथन २ होतं, तिच्याकडे पायथन ३. पायथन २ मध्ये पूर्ण संख्येला पूर्ण संख्येने भागलं की अपूर्णांक टाकून दिला जायचा. पायथन ३ तो ठेवतं. सरांनी व्हिडिओखाली एवढंच लिहिलं असतं, की मी अमुक आवृत्ती वापरतोय, तर तिचे दोन दिवस वाचले असते.

व्हिडिओखालच्या या माहितीला मेटाडेटा म्हणतात. शीर्षक, वर्णन, कोणत्या मिनिटाला काय आहे त्याची यादी, हे सगळं त्यात येतं. स्वयंपाकाच्या व्हिडिओत हे राहिलं तर फारसं बिघडत नाही, कारण पोह्यांची आवृत्ती बदलत नाही. प्रोग्रॅमिंगच्या व्हिडिओत मात्र चित्रित झालेला पडदा कायमचा गोठलेला असतो आणि भाषा, कोड, विद्यार्थ्याचा संगणक हे सगळं पुढे सरकत राहतं.

पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. मधली अकरा वर्षं दोन्ही वापरात होती, दोन्हींवर व्हिडिओ निघाले आणि ते आजही दिसतात. दोघांत काही फरक असे आहेत की ते लगेच ओरडून सांगतात. `print "नमस्कार"` असं जुन्या पद्धतीने लिहिलं, की पायथन ३ `SyntaxError: Missing parentheses in call to 'print'` असं म्हणून थांबतं. तो संदेश शोधला की उत्तर सापडतं. भागाकाराचा फरक मात्र मुका आहे. वरच्या तीन ओळी दोन्हींत चालतात, कारण एकाच गोष्टीभोवती कंस असला तर पायथन २ ची काही तक्रार नसते. चूक दाखवणारा संदेश नाही, म्हणून शोधायला शब्दही नाहीत. आवृत्तीची ओळ खरी कामाला येते ती अशा वेळी.

ही ओळ आठवणीतून लिहू नये, संगणकालाच विचारावं. टर्मिनलमध्ये `python3 --version` लिहिलं, विंडोजवर `py --version`, की `Python 3.12.3` असं काहीतरी उमटतं. तीनही आकडे लिहावेत. शेवटचा आकडा दुरुस्त्यांचा, मधला नव्या सोयींचा. विद्यार्थ्याकडे 3.12.7 असेल तर त्याने निर्धास्त राहावं, पण 3.8 असेल तर मात्र सांभाळावं, कारण `match` हे वाक्य 3.10 पासूनच आलं. म्हणून मी शिक्षकांना आणखी एक आकडा द्यायला सांगते: किमान कोणत्या आवृत्तीवर हा कोड चालतो. शाळा-कॉलेजच्या लॅबमधले संगणक बहुधा जुने असतात आणि तिथे बसलेल्या मुलाला हाच आकडा हवा असतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने तर एका मालिकेच्या नावातच `Python 3.4.3` असं लिहून टाकलं आहे. कुणी दहा वर्षांनी ती उघडली तरी फसणार नाही.

दुसरी ओळ कोडच्या साठ्याची, म्हणजे बहुतेकदा गिटहबच्या दुव्याची. इथली चूक जास्त फसवी आहे, कारण दुवा तर दिलेला असतो! शिक्षक साठ्याच्या मुख्य पानाचा दुवा देतात. चार महिन्यांनी पुढचे पाठ करताना त्याच फाइलीत बदल करतात, फंक्शनची नावं सुधारतात, दोन फाइलींची एक करतात. कोड सुधारतो, पण व्हिडिओत दिसणारी बारावी ओळ आणि साठ्यातली बारावी ओळ यांचा मेळ राहत नाही. मग मुलं प्रतिक्रियांमध्ये विचारतात, ‘सर, तुमची फाइल वेगळी दिसते.’

उपाय दोन मिनिटांचा आहे. चित्रीकरण संपलं, की त्या क्षणीच्या कोडवर खूण बांधून ठेवायची. गिटमध्ये तिला टॅग म्हणतात.

```
git tag path-05
git push origin path-05
```

यानंतर व्हिडिओखाली `tree/main` असलेला दुवा न देता `tree/path-05` असलेला द्यायचा. मुख्य शाखा कुठेही जाऊ दे, हा दुवा चित्रीकरणाच्या दिवशीचाच कोड दाखवत राहतो. टॅग करायचा राहून गेला असेल, तर गिटहबवर त्या दिवसाच्या नोंदीतून फाइल उघडून कीबोर्डवर `y` दाबलं तरी पत्त्यात त्या नोंदीची कायमची खूण येते. एक काळजी तेवढी घ्यावी लागते: साठा खासगी राहिला तर विद्यार्थ्याला 404 दिसतं आणि स्वतःच्या खात्यातून पाहणाऱ्या शिक्षकांना मात्र सगळं ठीक दिसतं. दुवा खासगी खिडकीत, लॉगिन न करता उघडून पाहिला की ते कळतं.

तिसरी ओळ खरं तर यादी आहे, वेळेसह विषयांची. यूट्यूबचे नियम सोपे आहेत. पहिली वेळ 0:00 हवी, किमान तीन वेळा हव्यात, चढत्या क्रमाने, आणि कोणताही भाग दहा सेकंदांहून लहान नको. यातला एक नियम चुकला तरी व्हिडिओखालच्या पट्टीचे तुकडे पडत नाहीत. सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे नमस्कार सोडून 0:12 पासून सुरुवात करणं. दुसरी अडचण नंतर येते: व्हिडिओच्या सुरुवातीचे चाळीस सेकंद कापले, की पुढची प्रत्येक वेळ चाळीस सेकंदांनी चुकते. म्हणून काटछाट पूर्ण झाल्यावरच यादी लिहावी.

शब्द कोणते वापरायचे, यावर मात्र मी जास्त वेळ घालवते. ‘भाग १’, ‘भाग २’ यांतून काहीच कळत नाही. विद्यार्थी दुसऱ्यांदा येतो तो अडला म्हणून, आणि अडलेली जागा त्याला त्याच्याच शब्दांत दिसायला हवी.

```
0:00 आज काय करणार आहोत
1:35 पायथन बसवलंय का, कसं पाहायचं
6:10 गुणांची बेरीज
14:20 सरासरी: 70 की 70.83?
21:05 उत्तर दोन दशांशांपर्यंत छापणं
```

स्पोकन ट्युटोरियलवाले याच्याही पुढे जातात. त्यांच्या प्रत्येक पाठासोबत संहिता असते, एका रकान्यात वेळ आणि दुसऱ्यात निवेदन. अनुवादक त्यावरून मराठी निवेदन बेतू शकतो. घरी एकट्याने व्हिडिओ करणाऱ्याला एवढं जमणार नाही, पाच-सहा वेळा मात्र सहज जमतील.

यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओची फाइल त्याच पत्त्यावर बदलता येत नाही. वर्णन मात्र कधीही बदलता येतं. त्या मुलीने सरांना लिहिलं. सरांनी व्हिडिओ काढून टाकला नाही. वर्णनाच्या अगदी वर, ‘आणखी’ न दाबताही दिसेल अशा जागी, त्यांनी लिहिलं: ‘हा पाठ पायथन 2.7 वर आहे. पायथन ३ वर 14:20 ला उत्तर 70.83 येईल, तेच बरोबर. 70 हवं असेल तर `/` च्या जागी `//` लिहा.’

वहीत तिने 70 खोडलं आणि समोर तिरकी रेघ दोनदा काढली.