सदिश विभवासाठी कोणते गेज? स्थिर प्रवाह आणि अँटेना

चुंबकीय क्षेत्र B हे सदिश विभव A च्या कर्लमधून मिळते : B = ∇ × A. या समीकरणाला A चे अपसरण किती आहे याच्याशी काही देणेघेणे नसते. त्यामुळे A मध्ये एखाद्या फलनाचा ग्रेडियंट मिळवला आणि त्याच्या जोडीने अदिश विभव φ मध्ये योग्य तो बदल केला, तर B आणि विद्युत क्षेत्र E = −∇φ − ∂A/∂t ही दोन्ही जशीच्या तशी राहतात. ही मोकळीक संपवण्यासाठी अपसरणावर जी अट घालतात ती गेजची अट. कूलॉम गेजमध्ये ∇·A = 0 धरतात. लॉरेंझ गेजमध्ये अपसरणाची सांगड φ च्या काळानुसार होणाऱ्या बदलाशी घालतात : ∇·A + (1/c²) ∂φ/∂t = 0. ही दुसरी अट डॅनिश शास्त्रज्ञ लुडविग लॉरेंझ यांनी १८६७ मध्ये मांडली. ती बरेचदा डच शास्त्रज्ञ हेंड्रिक लोरेन्ट्स यांच्या नावावर चुकून जमा होते.

प्रवाह आणि विद्युतभार स्थिर असतील तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. φ बदलत नसल्याने दुसऱ्या अटीतले कालाचे पद शून्य होते आणि दोन्ही अटी एकच होतात. लांब सॉलेनॉइडच्या आत A अक्षाभोवती गोल फिरतो आणि त्याचे मूल्य Br/2 असते. बाहेर B शून्य असूनही A उरतो आणि अंतरागणिक कमी होत जातो. हे उत्तर दोन्ही गेजना चालते. ५० हर्ट्झच्या ट्रान्सफॉर्मरलाही जवळजवळ हाच हिशेब लागू पडतो, कारण त्या वारंवारितेची तरंगलांबी ६००० किलोमीटर आहे आणि यंत्राच्या आकारात परिणाम पोचायला लागणारा वेळ नगण्य ठरतो. अशा ठिकाणी कूलॉम गेज सोयीचे.

तरंग बाहेर पडू लागले की वाटा वेगळ्या होतात. लॉरेंझ गेजमध्ये A आणि φ ही दोन्ही तरंग समीकरणे पाळतात. प्रत्येक ठिकाणचा विभव हा स्रोताच्या r/c इतक्या आधीच्या स्थितीवरून ठरतो. कूलॉम गेजमध्ये मात्र φ हा त्याच क्षणीच्या विद्युतभारांवरून, कूलॉमच्या नियमाप्रमाणे मिळतो. पृथ्वीवरचा भार हलला तर चंद्राजवळचा φ तत्क्षणी बदलतो! यात सापेक्षतेचा भंग नाही, कारण मोजले जाते ते E, आणि A मधला तसाच तत्क्षणी बदलणारा भाग φ च्या या घाईची भरपाई करतो. E ची खबर पोचायला सुमारे १.३ सेकंद लागतातच. पण त्यासाठी किंमत मोजावी लागते. A चा स्रोत आता तारेतला प्रवाह एवढाच राहत नाही. त्या प्रवाहाचा अपसरणरहित भाग घ्यावा लागतो आणि तो तारेबाहेर, साऱ्या अवकाशात पसरलेला असतो.

मोकळ्या अवकाशात १ मीटर लांबीची उभी अँटेना घेऊ. तिच्यात सर्वत्र १ अँपिअर प्रवाह आहे आणि वारंवारिता १ मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी ३०० मीटर. लॉरेंझ गेजमध्ये A प्रवाहाच्याच दिशेने, उभा असतो आणि ३ किलोमीटरवर ∂A/∂t चे मूल्य सुमारे २१० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर येते, बाजूलाही आणि नेमके डोक्यावरही. बाजूला हेच खरे क्षेत्र. डोक्यावर मात्र −∇φ हे पद यातला जवळजवळ सगळा भाग खोडून काढते आणि खरे क्षेत्र जेमतेम ७ मायक्रोव्होल्ट उरते. उभी अँटेना सरळ वर प्रारण करत नाही, ते यामुळेच.

हमखास चूक इथेच होते : विलंबित A लॉरेंझ गेजमधला घ्यायचा आणि φ सोपा म्हणून कूलॉमच्या नियमाचा. त्या φ चा ग्रेडियंट डोक्यावर सुमारे ०.१ मायक्रोव्होल्ट एवढाच असतो. तो २१० मधून काय खोडणार? मग अक्षाच्या दिशेनेही अँटेना जोरात प्रारण करते असे उत्तर येते. दूरच्या क्षेत्रात स्रोतापासून थेट बाहेर रोखलेला E चा घटक 1/r ने कमी होताना दिसला, की दोन गेजची सरमिसळ झाली आहे असे खुशाल समजावे.

म्हणून ज्या अँटेनातला प्रवाह माहीत आहे, तिथे लॉरेंझ गेज घ्यावे. त्यात एकदा A काढला की φ अटीतूनच मिळतो, विद्युतभार वेगळा मोजावा लागत नाही. स्रोत दूर राहून नुसती लहर उरली असेल तेव्हा पारडे पुन्हा कूलॉम गेजकडे झुकते. भार नसलेल्या अवकाशात φ शून्य धरता येतो, सगळे क्षेत्र एकट्या A मधून येते आणि A मध्ये प्रसाराच्या दिशेला काटकोनात असलेले दोनच घटक उरतात. प्रकाशाच्या ध्रुवीकरणाच्या दोन दिशा त्याच. फोटॉनचे पुंजगणित बहुधा या गेजमध्ये मांडतात, ते याच सोयीसाठी.