पासपोर्टला सबुरी, पाकिटाला घाई

मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २वर मध्यरात्रीनंतरही दिवसासारखीच वर्दळ असते. आखाताकडे आणि युरोपकडे जाणारी कितीतरी विमानं याच वेळेला सुटतात. प्रवासी जागरणाने पेंगुळलेले असतात. एका हातात बॅग, दुसऱ्यात फोन, काखेत स्वेटर आणि बोटांच्या बेचक्यात पासपोर्ट, अशी सगळ्यांची गत असते. वस्तू हरवतात त्या अशा वेळी. गेटजवळ खुर्चीत टेकल्यावर पर्स उघडावी आणि पासपोर्ट जागेवर नसावा, किंवा खिसा चाचपावा आणि पाकीट नसावं, यासारखा पोटात गोळा आणणारा प्रसंग प्रवासात दुसरा नाही.

अशा वेळी माणसं बहुतेक एकच गोष्ट करतात, ती म्हणजे सैरावैरा धावतात. पण पासपोर्ट आणि पाकीट हरवल्यावर करायच्या गोष्टींचा क्रम एकमेकांच्या अगदी उलटा आहे. पाकीट गेलं तर आधी कार्डं बंद करायची आणि मग शोधायचं. पासपोर्ट गेला तर आधी कसून शोधायचं आणि हरवल्याची अधिकृत नोंद सगळ्यात शेवटी करायची. हा क्रम चुकला, तर वस्तू सापडूनही उपयोग होत नाही.

सातारा जिल्ह्यातलं एक निवृत्त जोडपं मुलाकडे दुबईला निघालंय, असं धरू. विमान पहाटे २.४० चं. चेक-इन उरकून १२.५०ला दोघं इमिग्रेशनमधून पुढे आले, सव्वा वाजेपर्यंत सिक्युरिटी झाली. १.२५ला गेटपाशी बसल्यावर काकूंच्या लक्षात आलं, आपला पासपोर्ट नाही. आंतरराष्ट्रीय विमानाचं गेट साधारण २० ते २५ मिनिटं आधी बंद होतं. म्हणजे हातात पाऊण तास आहे, आणि पाऊण तास पुष्कळ असतो.

पहिली पाच मिनिटं जागेवरून हलायचं नाही. पर्स आणि हॅण्डबॅग खुर्चीवर पूर्ण रिकामी करायची, नुसती वरवर चाचपायची नाही. काकांची कागदपत्रांची पिशवी, त्यांचा स्वतःचा पासपोर्ट, त्याचं कव्हर, स्वेटरचे खिसे, सगळं बघायचं. घरच्यांचे पासपोर्ट एकत्र दाखवून परत घेताना एकात एक सरकून जाणं अगदी नेहमीचं आहे. सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांनी तर गटातल्या प्रत्येकाला आपापला पासपोर्ट उघडून फोटो बघायला सांगावं. कंपनीने दिलेली कव्हरं सारखीच असतात आणि एकाचा पासपोर्ट दुसऱ्याच्या पिशवीत गेला, तर तो दोघांनाही अडचणीत टाकतो.

नाही सापडला, तर आठवायचं ते एवढंच की पासपोर्ट आपल्याकडे होताच, असं कोणत्या टप्प्यावर ठामपणे सांगता येतं? विमानतळाची रचना इथे मदतीला येते. पासपोर्ट दाखवल्याशिवाय चेक-इन काउंटरवर बोर्डिंग पास मिळत नाही आणि इमिग्रेशनचा अधिकारी पुढे सोडत नाही. काकू इमिग्रेशन ओलांडून आल्या, म्हणजे १२.५०ला पासपोर्ट त्यांच्या हातात होता. टॅक्सी, ट्रॉली, प्रवेशद्वार, चेक-इन काउंटर ही सगळी ठिकाणं शोधातून बाद झाली. उरलं काय? इमिग्रेशनचं काउंटर, सिक्युरिटीची रांग, तिथला ट्रे आणि तिथून गेटपर्यंतची वाट, त्यातली स्वच्छतागृहं, चहाचा स्टॉल नि फोन चार्ज करायची जागा. मैलभर पसरलेलं टर्मिनल अशा रीतीने चार-पाच ठिकाणांवर येतं.

यात सगळ्यात जास्त संशय धरावा तो ट्रेचा. सिक्युरिटीला लॅपटॉप, फोन, पट्टा, स्वेटर काढून ट्रेमध्ये टाकायचे असतात आणि पासपोर्ट बऱ्याचदा सुटाच त्यांच्यावर ठेवला जातो. यंत्राच्या आत सामान हलतं आणि पासपोर्ट स्वेटरखाली सरकतो. गडद रंगाच्या ट्रेच्या तळाशी गडद निळं पुस्तक पटकन दिसत नाही. पलीकडे मागच्या माणसाचं सामान येऊन थडकलेलं असतं, म्हणून माणूस घाईघाईने स्वेटर उचलतो. रिकामे ट्रे एकात एक रचले जातात आणि रांगेच्या तोंडाशी परत जातात. पासपोर्ट त्या थप्पीत अडकलेला असू शकतो.

म्हणून काकूंनी पुढची दोन कामं बरोबरच करायला हवीत. गेटवरच्या विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याला लगेच सांगायचं. त्याच्याकडे वॉकीटॉकी असतो, तो चेक-इनशी आणि इतर कर्मचाऱ्यांशी बोलू शकतो. पासपोर्टचा नंबर पाठ नसला तरी बिघडत नाही, आंतरराष्ट्रीय प्रवाशांचे नंबर कंपनीकडे नोंदवलेले असतात. दुसरं काम सिक्युरिटीला परत जाण्याचं. तिथल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या, म्हणजे सीआयएसएफच्या अधिकाऱ्याला नुसतं ‘पासपोर्ट हरवला’ म्हणून उपयोग नाही. ‘सव्वाच्या सुमाराला, डावीकडून तिसऱ्या रांगेत, राखाडी स्वेटर आणि तपकिरी पर्स असलेला ट्रे’ असं सांगितलं, तर ट्रे कुठे पाहायचे आणि सीसीटीव्हीवर कुठल्या वेळेचं चित्रण बघायचं, ते त्यांना कळतं. वेळ आणि रांग ठाऊक नसेल, तर चित्रण पाहण्यातच सगळा वेळ निघून जातो.

इथे दोन गोष्टींची खबरदारी घ्यायची. सामान खुर्चीवर सोडून दोघांनीही धावायचं नाही. बेवारस बॅग दिसली की सुरक्षा यंत्रणा तिला संशयित वस्तू मानते आणि एका गोंधळात दुसऱ्याची भर पडते. एकाने सामानापाशी थांबावं. आणि इमिग्रेशनच्या मागे एकट्याने जायचा प्रयत्न करू नये. तो भाग कायद्याने एकतर्फी वाटेचा आहे, मागे जायचं तर विमान कंपनीचा माणूस बरोबर लागतो.

आता पाकिटाकडे वळू, कारण तिथे एकेक मिनिट महत्त्वाचं असतं. १ जानेवारी २०२१ पासून भारतात टॅप करून चालणाऱ्या कार्डाने ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होऊ शकतो. पाकीट ज्याच्या हाती पडलं, त्याला विमानतळावरच्या दुकानात ते कार्ड वापरायला काहीच लागत नाही. म्हणून शोधाशोध सुरू करण्याआधी बँकेचं ॲप उघडायचं आणि कार्ड ‘लॉक’ करायचं. कार्ड चालू-बंद करण्याची ही सोय रिझर्व्ह बँकेने २०२० मध्येच बँकांना बंधनकारक केली आहे.

‘लॉक’ आणि ‘ब्लॉक’ यांतला फरक इथे कामी येतो. लॉक केलेलं कार्ड पाकीट सापडल्यावर त्याच ॲपमधून पुन्हा सुरू करता येतं. ब्लॉक केलेलं कार्ड मात्र कायमचं बाद होतं. नवं कार्ड घरच्या पत्त्यावर येईल तेव्हा प्रवासी परदेशात असेल. तेव्हा आधी लॉक करावं, मग शोधावं, आणि पाकीट मिळणार नाही असं वाटलं की विमानात बसण्याआधी ब्लॉक करावं. फोनसुद्धा पाकिटाबरोबरच गेला असेल, तर सोबत्याच्या फोनवरून किंवा मदत कक्षातून बँकेला कळवायचं, आणि सिमकार्डही बंद करून घ्यायचं.

बँकेला कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं, तर कळवण्यापूर्वीचा तोटा ग्राहकाचा आणि कळवल्यानंतरचा बँकेचा, असं रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकात आहे. म्हणजे १.३० वाजता फोन केला की २ वाजता, यावर पैसे कोणाचे जाणार ते ठरतं.

नुसतं पाकीट हरवलं आणि पासपोर्ट जवळ असेल, तर विमान सोडण्याचं कारण नाही. देशांतर्गत प्रवासात ओळखपत्रच पाकिटात गेलेलं असतं, पण तिथे फोनमधल्या एम-आधारने काम भागतं. परदेशी जाताना मात्र पासपोर्टचा फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही, पुस्तकच लागतं. याला ओळखीचा अपवाद नेपाळ आणि भूतानचा. तिथे भारतीय नागरिक निवडणूक आयोगाच्या मतदार ओळखपत्रावर जाऊ शकतो.

दोन वाजून गेले आणि काकूंचा पासपोर्ट काही मिळाला नाही, तर जड मनाने का होईना, एक निर्णय वेळेत घ्यावा लागतो. आपण जात नाही, हे गेट बंद होण्याआधी कंपनीला सांगायचं. जो प्रवासी चढला नाही त्याची चेक-इन केलेली बॅग विमानातून उतरवावी लागते. १९८५ मध्ये एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान पाडणारा बॉम्ब अशाच, प्रवासी न चढता चढवल्या गेलेल्या बॅगेत होता. त्यानंतर जगभर हा नियम कडक झाला. वेळेत सांगितलं तर बॅग लवकर मिळते आणि तिकीट पुढच्या तारखेला बदलण्याची बोलणी करता येतात. तिकीट वाया गेलंच, तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचं प्रवासी शुल्क परत मागता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. बाहेर पडताना कंपनीचा माणूस इमिग्रेशनमध्ये घेऊन जातो आणि प्रवासी गेला नाही अशी नोंद होते. हे करून घेतल्याशिवाय निघू नये.

यानंतरही पोलीस ठाण्याआधी विमानतळाच्या हरवले-सापडले कक्षात नोंद करावी आणि सकाळी पुन्हा विचारावं. बंदिस्त जागेत पडलेलं पुस्तक सफाई कामगाराच्या किंवा जवानाच्या हाती लागण्याचीच शक्यता जास्त. सापडलेल्या वस्तूंच्या याद्या सीआयएसएफ आपल्या संकेतस्थळावरही देतं. पर्स कापलेली असेल, चोरीचा संशय असेल, तर मात्र थांबू नये, तडक पोलिसांकडे जावं. टर्मिनल २साठी ते सहार पोलीस ठाणं.

एवढी सबुरी कशासाठी? पासपोर्ट हरवला, असं पासपोर्ट कार्यालयाला एकदा कळवलं की तो रद्द होतो, आणि हरवलेल्या कागदपत्रांची इंटरपोलची जी नोंदवही देशोदेशीचे इमिग्रेशन अधिकारी तपासतात, तिच्यातही त्याचा नंबर जाऊ शकतो. दुसऱ्या दिवशी तोच पासपोर्ट खुर्चीखाली सापडला, तरी त्यावर प्रवास करता येत नाही. मग पोलिसांचा दाखला, कसा हरवला याचं प्रतिज्ञापत्र, ३६ पानांसाठी ३,००० रुपये शुल्क, असं सगळं करून नवा काढावा लागतो. त्यात चिकटवलेला व्हिसाही त्या त्या देशाच्या वकिलातीकडून नव्याने घ्यावा लागतो. एक-दोन दिवस कसून शोध घेऊनही नाही मिळाला, तर मात्र आणखी चालढकल करू नये. त्याचा गैरवापर झाला, तर आपण कधी कळवलं होतं हा प्रश्न पहिला विचारला जातो.

आणि वाचकांना एक विनंती. विमानतळावर कोणाचा पासपोर्ट पडलेला दिसला, तर मालकाला शोधत फिरू नका, बरोबर घेऊन विमानातही चढू नका. सगळ्यात जवळच्या सीआयएसएफ जवानाकडे तो द्या, आणि कुठे व किती वाजता सापडला हे सांगायला विसरू नका.